सातवा स्लॅब आणि सोमवारचा अहवाल

बांधकाम चालू असलेल्या इमारतीतील फ्लॅट विकला गेला म्हणजे बिल्डरच्या हाती त्याची किंमत आली असे होत नाही. साठ लाखांच्या फ्लॅटचे पैसे दोन-तीन वर्षांत, इमारत जशी वर चढेल तसे, हप्त्याहप्त्याने येतात. त्यामुळे विकासकाच्या कार्यालयात दर सोमवारी दोन गोष्टींचा हिशेब एकाच कागदावर मांडला जातो. सरलेल्या आठवड्यात किती फ्लॅट बुक झाले ही पहिली, आणि पूर्वी बुक झालेल्या फ्लॅटपोटी ज्या टप्प्यांचे पैसे मागितले होते त्यांतले किती आले ही दुसरी. पहिला आकडा विक्री विभाग सांगतो. दुसरा आकडा मात्र साइट इंजिनिअर, वकील, बँक, ग्राहक आणि हिशेबनीस या सगळ्यांच्या कामातून तयार होतो, आणि खरी गुंतागुंत तिथेच असते.

महाराष्ट्रात या हप्त्यांची चौकट कायद्याने आखलेली आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे विक्री करारनामा नोंदवण्याआधी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. राज्याच्या २०१७ च्या नियमांसोबत आलेल्या नमुना करारनाम्यात पुढच्या मर्यादा दिल्या आहेत. करारनामा झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोते म्हणजे प्लिंथ पूर्ण झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत आणि सगळे स्लॅब पूर्ण झाल्यावर ७० टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. त्यानंतर भिंती, आतला गिलावा, फरशी आणि दारे-खिडक्या झाल्यावर ७५, सॅनिटरी फिटिंग, जिने आणि लॉबी झाल्यावर ८०, बाहेरचे प्लंबिंग, बाहेरचा गिलावा आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर ८५, लिफ्ट, पंप आणि विजेची कामे झाल्यावर ९५ टक्के. उरलेले ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर ताबा देताना. ७० टक्क्यांपर्यंतच्या स्लॅबच्या हिश्श्याचे तुकडे कसे पाडायचे हे प्रत्येक प्रकल्प आपल्या करारनाम्यात ठरवतो.

आकडे हातात घेऊन पाहिले की ही व्यवस्था लवकर कळते. उदाहरणासाठी खाली पार्किंग आणि वर १२ मजले असलेली, प्रत्येक मजल्यावर चार अशी ४८ फ्लॅटची एक इमारत धरली आहे. सगळे फ्लॅट ६० लाखांचे मानले आहेत. पार्किंगवरचा एक आणि त्यावरचे बारा असे एकूण १३ स्लॅब होतात. स्लॅबचा २५ टक्क्यांचा हिस्सा पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या आणि तेराव्या स्लॅबला पाच-पाच टक्के असा वाटला आहे. म्हणजे हे पाच स्लॅब झाले की दर वेळी प्रत्येक फ्लॅटमागे ३ लाख रुपये मागता येतात. अहवाल ज्या आठवड्याचा आहे, त्या आठवड्यात सातवा स्लॅब भरला गेला.

आधी बुकिंगची बाजू. सोमवारी सकाळी ३४ फ्लॅट बुक होते. त्यांतल्या ३० फ्लॅटचे करारनामे नोंदलेले होते, चार नुसत्या बुकिंगवर होते. आठवड्यात तीन नवी बुकिंगे झाली, एक रद्द झाले, आणि आधीच्या चारांपैकी दोघांनी करारनामा नोंदवला. रविवारी संध्याकाळी बुक फ्लॅट ३६, त्यांत नोंदणी झालेले ३२ आणि न झालेले चार. विक्री विभागाच्या फलकावर ‘तीन बुकिंग’ असे ठळक अक्षरांत लागते, पण अहवालात भर पडते ती दोनचीच, कारण रद्द झालेले बुकिंग वजा करावेच लागते. ही वजाबाकी महिन्याच्या शेवटी एकदम करण्याची सवय अनेक ठिकाणी आहे आणि ती वाईट आहे. तशाने पहिले तीन आठवडे भरभराटीचे दिसतात आणि चौथा कोसळतो. प्रत्यक्षात यांतले काहीच घडलेले नसते.

बुकिंग कशाला म्हणायचे हेही आधी ठरलेले असावे लागते. साइटवर रविवारी आलेले कुटुंब एक लाखाचा चेक देऊन फ्लॅट ‘अडवते’, हे टोकन. अर्ज भरून, वाटपपत्र घेऊन, किमतीचे दहा टक्के भरले की ते पक्के बुकिंग. आणि दुय्यम निबंधकाकडे करारनामा नोंदला गेला, इंडेक्स दोन हाती आला, की खऱ्या अर्थाने विक्री. या तीन पायऱ्यांना अहवालात तीन वेगळे रकाने हवेत. आपल्या उदाहरणातल्या तीन नव्या बुकिंगांत दोघांनी एकेक लाखाचे टोकन दिले आणि एकाने पूर्ण ६ लाख भरले. आठ लाख आले खरे, पण तिघांना एकाच तराजूत तोलता येत नाही. टोकनवाले दोन फ्लॅट पुढच्या पंधरवड्यात परत मोकळे होण्याची शक्यता बरीच असते. घरातल्या थोरल्यांनी अजून फ्लॅट पाहिलेला नसतो, किंवा बँकेने पगाराच्या मानाने कर्ज कमी बसवलेले असते. रद्द करणाऱ्याला किती परत करायचे यालाही बंधन आहे. महारेराच्या २०२२ च्या नमुना वाटपपत्राप्रमाणे पहिल्या १५ दिवसांत रद्द केल्यास काहीही कापता येत नाही आणि ६१ दिवसांनंतरही कपात किमतीच्या दोन टक्क्यांपुरतीच असते. परत करायची रक्कम अहवालात देणे म्हणून स्वतंत्र दिसली पाहिजे. वसुलीतून ती गुपचूप वजा झाली तर दोन्ही आकडे बिघडतात.

बुकिंगचा आठवडा पंचांगाप्रमाणेही हलतो. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा यांच्या आसपास बुकिंग वाढते, पितृपक्षात जवळपास थांबते. पितृपक्षातला आठवडा त्याच्या आधीच्या आठवड्याशी ताडून पाहिला तर विक्री विभागाला उगाच बोल लागतो. तो गेल्या वर्षीच्या पितृपक्षाशीच ताडायला हवा. दसऱ्याला घेतलेली टोकने करारनाम्यात किती आणि कधी उतरली हे मात्र पुढचे दीड-दोन महिने पाहत राहावे लागते, कारण वसुलीला खरा जोर तिथून येतो.

हा जोर कसा येतो हे करारनाम्याच्या आठवड्यात दिसते. आज करारनामा करणाऱ्या ग्राहकाला इमारत जिथवर आली आहे तिथवरचे सगळे टप्पे एकदम भरावे लागतात. सातवा स्लॅब झालेला असताना ४५ टक्के जोत्यापर्यंतचे आणि १५ टक्के तीन स्लॅबचे, असे ६० टक्के, म्हणजे ३६ लाख देय होतात. बुकिंगच्या वेळी सहा लाख आलेले असतात, म्हणून एका करारनाम्यामागे ३० लाखांची मागणी एकदम उभी राहते. जुन्या ग्राहकाकडून सातव्या स्लॅबचे येणारे तीन लाख आणि नव्या करारनाम्याचे ३० लाख यांत दहा पटींचा फरक आहे. आठवड्यात एक करारनामा पुढे ढकलला गेला तर ते नुकसान दहा जुन्या ग्राहकांनी स्लॅबचा हप्ता न भरण्याइतके असते. म्हणून करारनामा न झालेले ते चार फ्लॅट अहवालात एकेक करून, क्रमांक आणि अडचण यांसह लिहिलेले असावेत. कुणाला मुद्रांक शुल्काची रक्कम जमवायची असते, कुणाच्या पत्नीचे आधार आणि पॅनवरचे नाव जुळत नसते, कुणाचा भाऊ सहमालक म्हणून यायचा असतो आणि तो दुबईत असतो.

आता टप्पा. सातवा स्लॅब सोमवारी भरला. मंगळवारी आर्किटेक्टचे प्रमाणपत्र आले, बुधवारी डिमांड लेटर म्हणजे मागणीपत्रे निघाली. प्रत्येक पत्रात टप्प्याचे नाव, रक्कम, जीएसटी, बँक खाते, भरण्याची मुदत आणि सोबत प्रमाणपत्र व स्लॅबचा फोटो असतो. अहवालात या तीन तारखा वेगवेगळ्या दिसायला हव्यात, कारण चूक बहुधा यांच्या मधल्या जागेत होते. स्लॅब भरून आठ दिवस प्रमाणपत्र न येणे ही नेहमीची गोष्ट आहे. तीस ग्राहकांकडचे ९० लाख त्या आठ दिवसांत मागितलेच जात नाहीत, आणि वसुली विभागाला मात्र ‘पैसे का येत नाहीत’ असे विचारले जाते.

उलट चूक जास्त महागात पडते. आठवड्याचा आकडा चांगला दिसावा म्हणून लोखंड बांधून झाले, शटरिंग तयार आहे, एवढ्यावर मागणीपत्रे पाठवली जातात. काँक्रीट पुढच्या आठवड्यात पडेलच, असा हिशेब असतो. मग पाऊस लागतो किंवा आरएमसी प्लांटची गाडी येत नाही. दरम्यान कर्ज देणाऱ्या बँकेचा मूल्यांकनकर्ता साइटवर जातो, त्याला सातव्या मजल्यावर नुसत्या सळया दिसतात, आणि तो ‘टप्पा अपूर्ण’ असा शेरा मारून परत जातो. त्या बँकेतल्या सगळ्या ग्राहकांचे अर्ज मग एकदम अडकतात, आणि पुढच्या स्लॅबलाही ती बँक दोनदा तपासणी करते. अशी मागणी वेळेआधी निघाली आहे का, हे अहवाल वाचणाऱ्याला काँक्रीटच्या चलनावरून कळते. सातव्या स्लॅबच्या काँक्रीटच्या चलनाची तारीख मागणीपत्राच्या तारखेआधीची असली पाहिजे. ती नसेल तर तो टप्पा अहवालात घ्यायचाच नाही.

आठवड्याची देय रक्कम अशी झाली. जुन्या ३० नोंदलेल्या फ्लॅटकडून सातव्या स्लॅबचे ९० लाख, आणि नव्या दोन करारनाम्यांचे ६० लाख, मिळून दीड कोटीची नवी मागणी. आठवडा सुरू होताना जुनी थकबाकी ६६ लाख होती. (जीएसटी आणि टीडीएस सोयीसाठी बाजूला ठेवले आहेत, त्यांचा उल्लेख पुढे येतो.) आठवड्यात मागणीपोटी ५१ लाख जमा झाले. जुन्या थकबाकीतून २४ लाख, सातव्या स्लॅबचे पाच तत्पर ग्राहकांकडून १५ लाख, आणि नव्या दोन करारनाम्यांपोटी प्रत्येकी सहा याप्रमाणे १२ लाख. बुकिंगचे आठ धरले तर एकूण वसुली ५९ लाख. याशिवाय एक अप्रिय नोंद आहे. मागच्या आठवड्याच्या वसुलीत धरलेला तीन लाखांचा एक चेक वटला नाही. तो परत थकबाकीत गेला. आठवड्याअखेरची येणे बाकी म्हणून ६६ अधिक १५० अधिक ३ वजा ५१, म्हणजे १६८ लाख.

हा वटला नाही असा चेक एका जुन्या दुखण्याकडे बोट दाखवतो. चेक हातात आला की वसुली, असे मोजायची पद्धत अजून पुष्कळ कार्यालयांत आहे. शनिवारी आणि रविवारी साइटवर बरेच चेक मिळतात. ते बँकेत सोमवारी पडतात आणि त्यानंतरच वटतात. म्हणजे मागच्या रविवारचा अहवाल अजून न आलेल्या पैशांवर उभा असतो. खात्यात रक्कम जमा झाल्याची तारीख हीच वसुलीची तारीख धरावी, आणि हातात आलेल्या पण न वटलेल्या चेकचा रकाना वेगळा ठेवावा. दोन आठवड्यांचे आकडे एकमेकांशी जुळतात ते त्यामुळेच. एका आठवड्याची अखेरची बाकी आणि पुढच्या आठवड्याची सुरुवातीची बाकी यांत एका रुपयाचाही फरक निघाला, तर त्या अहवालातल्या बाकी कशावरही विश्वास ठेवू नये.

१ कोटी ६८ लाख येणे आणि ५९ लाख वसुली, हे वाचून मालकाच्या कपाळावर आठ्या पडणे साहजिक आहे. दीड कोटी मागितले आणि चाळीस टक्केसुद्धा आले नाहीत, असा अर्थ सरळ निघतो. तो चुकीचा आहे. अहवालाचे खरे काम इथून सुरू होते. त्या १६८ लाखांतला प्रत्येक लाख कुणाकडे अडकला आहे, हे त्याने सांगायचे असते.

त्यांतले ७५ लाख सातव्या स्लॅबचे आहेत, जुन्या तीसपैकी उरलेल्या २५ ग्राहकांकडचे. मागणीपत्र बुधवारी गेले आहे आणि भरण्याची मुदत या उदाहरणात १५ दिवसांची आहे. हे पैसे अजून थकलेले नाहीत. या ग्राहकांना रविवारीच वसुलीचे फोन करणे म्हणजे वेळेवर पैसे भरणाऱ्यांना नाराज करणे. त्यांतले कोण स्वतःच्या पैशातून भरणार आणि कोणाचे बँकेतून येणार, एवढे मात्र याच आठवड्यात नोंदवून ठेवावे.

दुसरे ४८ लाख नव्या दोन करारनाम्यांचे. हे दोन्ही ग्राहक कर्ज घेणारे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि इथे ६० लाखांवर ४८ लाखांचे कर्ज मंजूर झाले. उरलेले २० टक्के, म्हणजे १२ लाख, ग्राहकाने आधी स्वतःचे भरायचे असतात. बँक त्याशिवाय आपला पहिला हप्ता सोडत नाही. बुकिंगला सहा आणि या आठवड्यात सहा असे ते भरून झाले. आता बँकेला नोंदलेला करारनामा, इंडेक्स दोन, विकासकाचे ना हरकत पत्र, मागणीपत्र आणि स्वतःच्या हिश्श्याच्या पावत्या लागतात, शिवाय तिचा तपासनीस साइटवर जाऊन येतो. सगळे कागद पहिल्यांदाच बरोबर गेले तर काम लवकर होते. ना हरकत पत्रावर फ्लॅट क्रमांक ७०३ ऐवजी ७०२ पडला, किंवा महारेराने ठरवून दिलेल्या खात्याऐवजी जुने खाते लिहिले गेले, तर फाइल परत येते. ग्राहक सांगतो की बँक देत नाही, बँक सांगते की बिल्डरचे पत्र चुकले, आणि अहवालात या दोन्हींपैकी काहीच नसते. म्हणून बँकेकडे असलेल्या प्रत्येक फाइलपुढे ‘कोणत्या कागदासाठी अडली’ हे एका ओळीत लिहिणे हीच वसुलीची सगळ्यात उपयोगी नोंद ठरते.

उरले ४५ लाख. मुदत उलटून गेलेली खरी थकबाकी ही एवढीच. ती किती जुनी आहे हे पाहिले की चित्र आणखी स्पष्ट होते. या इमारतीचा एक स्लॅब साधारण बारा दिवसांत होतो, म्हणून चौथा स्लॅब होऊन आता ३६ दिवस झाले आहेत आणि त्याच्या मागणीची मुदत संपून तीन आठवडे. चौथ्या स्लॅबचे हप्ते ११ फ्लॅटकडे बाकी आहेत, मिळून ३३ लाख. हे बहुतेक वसूल होतील. यांतच वटला नाही असा चेक आहे, आणि कर्ज मंजूर असूनही बँकेकडे मागणीपत्र नेऊन न दिलेले दोघे-तिघे असतात. आपल्याकडे पत्र आले म्हणजे बँकेलाही ते परस्पर मिळाले असेल, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत असते. त्याहून जुने १२ लाख राहतात, पहिल्या स्लॅबचे तीन आणि जोत्याचे नऊ. हे बाराच्या बारा एकाच फ्लॅटचे आहेत, आणि त्याच फ्लॅटचा चौथ्या स्लॅबचा हप्ताही बाकी आहे. ४५ लाखांतले १५ लाख एका कुटुंबाकडे आहेत.

असा फ्लॅट बेरजेत दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे जरा थांबून पाहणे योग्य. नमुना करारनाम्याप्रमाणे ग्राहकाने तीन हप्ते चुकवले तर विकासक १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन करार रद्द करू शकतो, आणि रद्द झाल्यावर ठरलेली कपात करून ३० दिवसांत पैसे परत करायचे असतात. हे कुटुंब बरोबर त्या तिसऱ्या हप्त्यावर उभे आहे. उशिराच्या रकमेवर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा दोन टक्के जास्त दराने व्याजही चढते आहे. विकासकाने ताबा द्यायला उशीर केला तर त्यालाही याच दराने व्याज द्यावे लागते. पण नोटीस काढण्याआधी माहीत असायला हवे ते वेगळेच. करारनामा करताना कर्ज मंजूर होते, मग ते गेले कुठे? अशा प्रकरणांत बहुधा असे निघते की मंजुरीची मुदत संपली, मधल्या काळात घरातल्या कमावत्या माणसाची नोकरी बदलली, आणि नव्या पगाराच्या तीन चिठ्ठ्या मिळेपर्यंत बँक पुन्हा मंजुरी देत नाही. अशा कुटुंबाला दीड महिना लागतो, नोटीस लागत नाही. नोकरीच गेली असेल तर मात्र फ्लॅट सोडवून घेणे दोघांच्याही हिताचे, कारण पुढच्या प्रत्येक स्लॅबला देणे आणि व्याज वाढतच जाणार. पहिला हप्ता चुकला त्याच आठवड्यात हा प्रश्न विचारला असता तर थकबाकी नऊ लाखांवर थांबली असती. साप्ताहिक अहवाल मासिक अहवालापेक्षा सरस ठरतो तो इथे.

बाजूला ठेवलेल्या दोन गोष्टी आता घ्याव्या लागतात. साठ लाखांच्या फ्लॅटवर बांधकाम चालू असताना ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणून तीन लाखांच्या हप्त्याबरोबर १५ हजार येतात. हे पैसे सरकारचे. ते वसुलीत मिसळले तर विक्री फुगलेली दिसते. दुसरीकडे, किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने प्रत्येक हप्त्यातून एक टक्का टीडीएस कापून स्वतः सरकारजमा करायचा असतो. त्यामुळे तीन लाखांच्या हप्त्यापोटी विकासकाच्या खात्यात प्रत्यक्षात २ लाख ९७ हजार आणि जीएसटीचे १५ हजार असे ३ लाख १२ हजार पडतात. तीन हजारांचे प्रमाणपत्र ग्राहकाकडून यायचे राहते. हा रकाना वेगळा नसेल तर पैसे भरलेला प्रत्येक ग्राहक तीन-तीन हजारांचा थकबाकीदार दिसतो. वसुलीचा माणूस शंभर छोट्या ओळींत हरवतो आणि १५ लाखांची ओळ नजरेतून सुटते.

आलेले ५९ लाखसुद्धा हवे तसे वापरायला मोकळे नसतात. रेरा कायद्याप्रमाणे ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा ७० टक्के भाग स्वतंत्र खात्यात ठेवावा लागतो आणि तो जमीन व बांधकामाच्या खर्चासाठीच काढता येतो. काढताना काम किती टक्के झाले याची आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सनदी लेखापाल अशा तिघांची प्रमाणपत्रे लागतात. महारेराने २०२४ पासून प्रत्येक प्रकल्पाला तीन खाती सक्तीची केली आहेत. सगळी रक्कम आधी पहिल्या खात्यात येते आणि तिथून ७० टक्के व ३० टक्के असे वाटप होते. आपल्या आठवड्यात ४१ लाख ३० हजार राखीव खात्यात गेले आणि १७ लाख ७० हजार उरले. दलालांची दलाली, जाहिराती आणि कार्यालयाचे पगार, असा बांधकामाबाहेरचा खर्च या दुसऱ्या रकमेतून भागवायचा असतो. कंत्राटदाराच्या बिलासाठी पैसे आहेत का, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच एकूण वसुलीत मिळत नाही.

अहवालाची शेवटची बाजू पुढच्या आठवड्यांची आहे. इथे अंदाज करताना फ्लॅटच्या संख्येला टक्केवारीने गुणून भागत नाही, कारण सगळ्यांचे हप्ते सारखे नसतात. काही फ्लॅट ‘आता थोडे, बाकी ताब्याला’ अशा योजनेत विकलेले असतात आणि दहाव्या स्लॅबला त्यांच्याकडून काहीच येणार नसते. त्यांना वगळून प्रत्येक फ्लॅटचा स्वतःचा वेळापत्रकाचा तक्ता पुढे सरकवावा लागतो. आपल्या इमारतीत तशी योजना नाही, म्हणून साधारण पाच आठवड्यांनी येणारा दहावा स्लॅब आजच्या ३२ फ्लॅटकडून ९६ लाखांची मागणी उभी करील, आणि तोवर नोंदले जाणारे करारनामे प्रत्येकी सुमारे ३० लाखांची.

तेरावा स्लॅब झाला की मात्र वेग बदलतो. तोवर ७० टक्के मागून झालेले असतात, आणि पुढचे टप्पे महिनोन्‌महिने लांब असतात. भिंती-गिलावा-फरशी पूर्ण होईपर्यंत एका फ्लॅटमागे पाच टक्के, मग पुन्हा पाच, मग पुन्हा पाच. खर्च मात्र याच काळात फरशी, दारे, लिफ्ट आणि रंग यांवर चढता असतो. कित्येक प्रकल्प अर्धवट रखडतात ते याच मोक्यावर. सांगाडा उभा असतो आणि आठवड्यामागून आठवडे वसुलीचा रकाना जवळपास कोरा जातो. या काळात टप्प्यांकडून फारसे येणार नाही, हे स्लॅब चालू असतानाच अहवालातून दिसत असते. ती उणीव भरून काढतात ते न विकलेले फ्लॅट, आपल्या उदाहरणात १२. त्यांतला जो सांगाडा पूर्ण झाल्यावर विकला जाईल त्याचे ७० टक्के, म्हणजे ४२ लाख, करारनाम्याबरोबरच देय होतील. म्हणून सातव्या स्लॅबला ते सगळे सवलतीत विकून टाकायचे की काही राखून ठेवायचे, हा निर्णय त्या आठवड्याच्या बुकिंगच्या आकड्यावरून घ्यायचा नसतो. तेराव्या स्लॅबनंतरच्या खर्चाचा आणि त्या काळात येणाऱ्या हप्त्यांचा तक्ता समोर ठेवून तो घ्यावा लागतो.